खिडकींतील मेथी आणि मोहरी



मुंबईच्या भाजीबाजारांत नेहमींच्या मेथीच्या जुड्यांशेजारीं पुष्कळदां दुसऱ्याच एका मेथीच्या इवल्या इवल्या जुड्या मांडलेल्या दिसतात. काडी बोटभर लांब आणि पांढरट, टोकाला लहानशीं हिरवीं पानें, आणि मुळांना चिकटलेली वाळू. हिला कोणी समुद्रमेथी म्हणतात, कोणी वाळूंतली मेथी म्हणतात. वाळूच्या वाफ्यांत बीं दाट पेरावयाचें आणि रोप बोटभर वाढतांच तें मुळासकट उपटावयाचें, एवढीच तिची लागवड. शहरांतील मोठ्या दुकानांतून हल्लीं 'मायक्रोग्रीन्स' या नांवानें लहान लहान डब्यांत जी कोंवळी भाजी विकली जाते, ती या समुद्रमेथीचीच बहीण होय. बीं रुजलें, त्यांतून पहिलीं दोन पानें उघडलीं, आणि पुढचीं पानें वाढण्याच्या आंतच रोप कापून खाल्लें, कीं ती मायक्रोग्रीन झाली.

ही भाजी स्वयंपाकघराच्या खिडकींत उथळ ट्रेमध्यें घेतां येते. तिच्यासाठीं मीं मेथी आणि मोहरी अशीं दोन बियाणीं निवडलीं आहेत. मिसळणाच्या डब्यांतल्या या शेजारणी. दोघींना एकाच खिडकीचा प्रकाश पुरतो, एकच माती चालते. पण पाण्याच्या बाबतींत दोघींचे स्वभाव अगदीं निराळे आहेत. मेथीला पेरण्यापूर्वीं रात्रभर पाण्यांत ठेवावें लागतें. मोहरी तशी ठेवली तर पेरतांच येत नाहीं. आणि पुढें दहा दिवसांत ट्रेमध्यें जें कांहीं बिघडतें, त्याच्या मुळाशीं बहुधा पाणीच असतें. तेव्हां पाणी केव्हां द्यावें, किती द्यावें आणि कोणत्या बाजूनें द्यावें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे असें समजावें.

आरंभ बियाण्यापासून करूं. शेतीच्या दुकानांत पेरणीसाठीं मिळणारें बियाणें पुष्कळदां बुरशीनाशक औषध चोळलेलें असतें. तें ओळखूं यावें म्हणून त्याला गुलाबी, हिरवा किंवा निळा रंग दिलेला असतो. तें बियाणें शेतासाठीं योग्य आहे. पण आठदहा दिवसांत जें रोप आपण खाणार, त्यासाठीं तें कधींही घेऊं नये. आपल्याला वाण्याकडील मेथी आणि मोहरीच बरी. मात्र वाण्याचा माल खाण्यासाठीं ठेवलेला असतो. तो रुजेलच असा भरंवसा नसतो. दाणा जुना झाला म्हणजे फोडणींत तो पूर्वींसारखाच तडतडतो, परंतु त्यांतला जीव गेलेला असूं शकतो.

यावर उपाय सोपा आहे. पन्नास दाणे मोजून घ्यावे, ओल्या फडक्यावर एकमेकांना न चिकटतील असे मांडावे, फडकें दुमडून एका ताटलींत ठेवावें आणि वर वाटी पालथी घालावी. तिसऱ्या दिवशीं फडकें उघडून किती दाण्यांना मोड आले तें मोजावें. गेल्या भाद्रपदांत आमच्या घरीं ही परीक्षा घेतली, तेव्हां मेथीच्या ५० पैकीं ४६ दाणे रुजले. डब्यांतल्या मोहरीचे मात्र ३१ च रुजले. नवी पुडी आणली, तिचे ४७ रुजले. आतां ३१ म्हणजे निम्म्याहून अधिक, मग ती मोहरी कां टाकावी, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं न रुजलेला दाणा ट्रेमध्यें नुसता पडून राहत नाहीं. तो ओलाव्यानें फुगतो, कुजतो, आणि बुरशी पहिल्यानें त्याच्यावरच घर करते. एका लहान ट्रेंत मोहरीचे दीडदोन हजार दाणे बसतात. शंभरांतले अडतीस मेलेले असले तर सहासातशें कुजके दाणे जिवंत रोपांच्या मांडीला मांडी लावून बसणार. म्हणून पन्नासांत चाळीसांहून कमी दाणे रुजले तर तो माल फोडणीसाठींच ठेवावा.

आतां ट्रे. आमचा ट्रे २५ सेंटिमीटर लांब, १८ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल आहे. असे दोन ट्रे एकांत एक बसतील असे घ्यावे. वरच्याच्या तळाला तापल्या सुईनें वीसपंचवीस भोंकें पाडावीं. खालचा तसाच ठेवावा. वरच्यांत रोपें राहतील, खालच्यांत पाणी. मिठाईचे प्लॅस्टिकचे खोके स्वच्छ धुऊन घेतले तरी चालतात.

ट्रेमध्यें अंगणांतली माती भरूं नये. ती जड असते, पाणी धरून बसते, आणि तिच्याबरोबर बुरशी व इतर घाण घरांत येते. नारळाच्या काथ्याचा भुसा विटेच्या आकारांत दाबून विकतात, त्याला कोकोपीट म्हणतात. तें पाण्यांत फुगवून घ्यावें आणि मूठभर घेऊन पिळून पाहावें. मूठ घट्ट आवळल्यावर दोनचार थेंब गळले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर पाणी जास्त झालें. कांहींच गळलें नाहीं तर कमी पडलें. या भुशाचा अडीच सेंटिमीटर जाडीचा थर पुरतो. दाण्यांतच रोपासाठीं आठदहा दिवसांची शिदोरी असते, म्हणून खत घालण्याची गरज नाहीं. थर हातानें सपाट करून हलकेच दाबावा. खळगा राहिला कीं तेथें पाणी सांचतें.

सपाटीविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या खिडकीच्या कट्ट्याला बहुधा बाहेरच्या बाजूला किंचित् उतार ठेवलेला असतो, पावसाचें पाणी आंत येऊं नये म्हणून. डोळ्यांना तो दिसत नाहीं, पण ट्रेला कळतो. सारें जास्तीचें पाणी ट्रेच्या बाहेरच्या कडेला गोळा होतें. आंतल्या कडेचीं रोपें तहानेलीं आणि बाहेरच्या कडेचीं बुडालेलीं, असा प्रकार होतो. कट्ट्यावर पाण्याचे चार थेंब टाकून ते कोणीकडे पळतात तें पाहावें आणि त्या बाजूला ट्रेखालीं लाकडाची चीप सरकवावी.

आतां पेरणी. एवढ्या ट्रेला मेथी २० ग्रॅम लागते, म्हणजे चहाचे सपाट पांच चमचे. ती निवडून, तीनचार वेळां धुऊन, रात्रीं चौपट पाण्यांत भिजत घालावी. मेथीचा दाणा मोठा आणि कठीण असतो. सात-आठ तासांत तो फुगून जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी बुळबुळीत होतें. सकाळीं तें पाणी टाकून दाणे चाळणींत घेऊन पुन्हां धुवावे. बुळबुळीतपणा तसाच ठेवला तर दाण्याभोंवतीं हवा खेळत नाहीं आणि वास येऊं लागतो. मग दाणे भुशावर एकेरी थरानें पसरावे. दाण्याला दाणा लागला तरी चालेल, परंतु दाण्यावर दाणा चढतां कामा नये.

मोहरी भिजवूं नये. तिच्या सालीला पाणी लागतांच एक चिकट थर सुटतो आणि सगळे दाणे एकमेकांना धरून त्यांचा गोळा होतो. तो गोळा पसरतां येत नाहीं. जबरीनें पसरला तर दाणे ठिकठिकाणीं ढिगानें पडतात आणि त्या ढिगांतच प्रथम कुजण्याला सुरुवात होते. म्हणून मोहरी कोरडीच, मीठ भुरभुरवावें तशी, ओल्या भुशावर वरून पेरावी. एवढ्या ट्रेला सपाट सव्वा चमचा, म्हणजे सुमारें साडेचार ग्रॅम मोहरी पुरे होते. पाहावयाला ती फार विरळ वाटते आणि हात आणखी चिमूटभर टाकूं पाहतो, तो आवरावा. पेरल्यावर बारीक फवाऱ्यानें वरून पाणी शिंपडलें, कीं तोच चिकट थर आतां उपयोगी पडतो: प्रत्येक दाणा जागच्या जागीं भुशाला चिकटून बसतो.

पेरल्यानंतरचे दोनतीन दिवस अंधाराचे. मेथीवर तसाच दुसरा सपाट ट्रे थेट दाण्यांना टेकवून ठेवावा आणि त्यावर किलोभर साखरेची पिशवी ठेवावी. हें वजन पाहून नवख्या माणसाला रोपांची दया येते. परंतु वजनामुळें मूळ भुशांत शिरतें, दाणा वर उचलला जात नाहीं, आणि रोप वर येतांना दाण्याची साल खालींच सुटते. तिसऱ्या दिवशीं रोपें त्या पिशवीसकट ट्रे उचलून धरतात. तो उचललेला दिसला म्हणजे काढावा. मोहरी नाजूक असल्यामुळें तिच्यावर वजन ठेवूं नये, नुसता ट्रे पालथा घालावा. दोहोंवर सकाळसंध्याकाळ फवारा मारावा, आणि त्या वेळीं झांकण मिनिटभर बाजूला ठेवून आंतली कोंडलेली हवा जाऊं द्यावी.

याच दिवसांत एक घोटाळा फार जणांचा होतो. आमच्या शेजारच्या वहिनी पेरणीनंतर तिसऱ्या दिवशीं मेथीचा ट्रे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाहा, याहि खेपेला बुरशी आली. मागचा ट्रे मीं असाच केरांत टाकला." पाहिलें तों प्रत्येक मोडाच्या पांढऱ्या मुळाभोंवतीं कापसासारखी बारीक लव उभी होती. ती बुरशी नव्हतीच. ते मुळांवरचे केस होते, ज्यांच्या वाटे मूळ पाणी ओढून घेतें. वरची ओल जराशी कमी झाली कीं ते असे ताठ उभे राहतात. मीं फवारा मारला. क्षणभरांत सारी लव मुळाला चिकटून दिसेनाशी झाली. वहिनी म्हणाल्या, "अगबाई, म्हणजे मागचा ट्रे चांगलाच होता म्हणावयाचा!"

ओळख अशी. मुळांचे केस प्रत्येक मुळाभोंवतीं सारखे, बाटली धुण्याच्या ब्रशाप्रमाणें, मुळापुरतेच असतात. त्यांना वास नसतो. पाणी शिंपडलें कीं ते दिसेनासे होतात. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर पसरते, काडीवर चढते, पाण्यानें नाहींशी होत नाहीं, आणि नाक जवळ नेलें तर कुबट वास येतो. ट्रे टाकण्यापूर्वीं एकदां फवारा मारून पाहावा.

झांकण काढल्यावर रोपें पिवळीं दिसतात. हा पिवळा रंग आपल्या घराला अपरिचित नाहीं. नवरात्रांत घटाभोंवतीं मातींत पेरलेलें धान्य दसऱ्यापर्यंत वीतभर उंच आणि सोन्यासारखें पिवळें होतें, कारण देवघराच्या कोपऱ्यांत त्याला उजेड मिळत नाहीं. उजेड शोधीत तें नुसतें लांबत जातें. दसऱ्याला टोपींत खोवावयाला तो रंग शोभतो. खाण्याच्या भाजीला मात्र दोनतीन दिवसांपेक्षां अधिक अंधार देऊं नये, नाहींतर काडी लांब, दुबळी होऊन आडवी पडते. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. सकाळचें तीनचार तासांचें ऊन पुरतें. पश्चिमेच्या कांचेमागें उन्हाळ्यांतलें दुपारचें ऊन पडत असेल तर पातळ पडदा सोडावा. शेगडीपासून ट्रे हातभर तरी दूर असावा. फोडणीचा धूर आणि तेलाचे कण कोंवळ्या पानांवर बसूं देऊं नयेत. रोपें उजेडाकडे वांकतात, म्हणून रोज सकाळीं ट्रे अर्धा फिरवून ठेवावा.

येथून पुढें वरून पाणी देणें बंद. रोपें दाट असतात. वरून शिंपडलेलें पाणी काड्यांच्या गर्दींत अडकून राहतें आणि रात्रभर वाळत नाहीं. खालच्या ट्रेंत अर्धा कप पाणी ओतावें, वरचा ट्रे त्यांत वीस मिनिटें ठेवावा, आणि मग खालीं उरलेलें पाणी आठवणीनें ओतून टाकावें. हें ओतून टाकणें ओतण्याइतकेंच महत्त्वाचें आहे. मुळांना पाण्याबरोबर हवाहि लागते, आणि सांचलेल्या पाण्यांत ती नसते. पाणी द्यावें कीं नाहीं हें घड्याळावरून ठरवूं नये, हातावरून ठरवावें. ट्रे उचलून पाहावा. पाणी दिल्यावर तो किती जड लागतो हें एकदां हाताला कळलें, कीं हलका झालेला ट्रे लगेच ओळखतां येतो. पाणी सकाळीं द्यावें, रात्रीं नव्हे.

तरीहि एखाद्या सकाळीं रोपें माना टाकून पडलेलीं दिसतात. अशा वेळीं घाईनें पाणी ओतूं नये. प्रथम तहान कीं रोग हें ठरवावें. तहान असेल तर सगळा ट्रे सारखाच मलूल दिसतो, उचलल्यावर हलका लागतो, आणि पाणी मिळाल्यावर तासाभरांत रोपें उभीं राहतात. रोग असेल तर एखाद्याच जागीं, रुपयाएवढ्या वर्तुळांत, रोपें आडवीं झालेलीं असतात. त्यांची काडी भुशालगत तपकिरी आणि दोऱ्यासारखी बारीक झालेली असते. ट्रे मात्र जड असतो. याला रोपमर म्हणतात. ती दाटी, ओल आणि कोंडलेली हवा यांत पसरते, आणि आडवें पडलेलें रोप पुन्हां उठत नाहीं. तें वर्तुळ भोंवतालच्या दोन बोटें रुंद निरोगी पट्ट्यासह, खालच्या भुशासकट, चमच्यानें उचलून टाकावें, दिवसभर पाणी देऊं नये आणि खिडकी उघडी ठेवावी. पाव भागाहून अधिक ट्रे गेला असेल तर सगळाच टाकावा. औषध मारण्याचा विचारहि करूं नये. चार दिवसांनीं तीच रोपें पानांत वाढावयाचीं असतात.

आतां कापणी. भाद्रपदांतल्या आमच्या दोन ट्रेंचा हिशेब सांगतों. दोन्हीं ट्रे एका शनिवारीं सकाळीं पेरले. मोहरीला रविवारीं पांढरें टोंक दिसलें, मंगळवारीं तिचें झांकण काढलें, बुधवारीं मेथीचें काढलें. पुढच्या शनिवारीं मोहरी सहा सेंटिमीटर उंच झाली व तिचीं बदामाच्या आकाराचीं दोन पानें पूर्ण उघडलीं; ती कापली, ५८ ग्रॅम भरली. मेथी त्यानंतरच्या मंगळवारीं कापली. ती ११२ ग्रॅम भरली. म्हणजे चौघांच्या भाजीला हा माल पुरावयाचा नाहीं, हें स्पष्टच आहे. एका वेळची कोशिंबीर, चारपांच थालीपिठें, एवढीच याची ऐपत.

मेथीची वेळ ओळखण्याला एक चांगली खूण आहे. तिचीं पहिलीं दोन पानें लांबट, जाडसर आणि गुळगुळीत असतात. तीं दाण्याचींच दोन दळें होत. त्यांच्यामधून जें पहिलें खरें पान निघतें तें एकटेंच, वाटोळें असतें. आपल्या ओळखीचें तीन पानांचें त्रिदळ त्याच्या मागून येतें. तें एकटें वाटोळें पान नुसतें डोकावूं लागलें कीं कापावें. तें पसरूं दिलें तर कडूपणा वाढतो आणि काडी चिवट होते.

कापण्याच्या दिवशीं सकाळीं पाणी देऊं नये. स्वच्छ कात्रीनें भुशाच्या वर एक सेंटिमीटर सोडून मुठीमुठीनें कापावें, म्हणजे भुसा व साली खालींच राहतात. लागेल तेवढेंच कापावें आणि खाण्याच्या वेळींच धुवावें. उरलें तर न धुतां, कोरड्या कागदाच्या घडीसह डब्यांत घालून शीतकपाटांत ठेवावें. तीन दिवस टिकतें. कापलेल्या बुडख्यांतून पुन्हां पीक येईल अशी आशा करूं नये. रोपाचा वाढता कोंब त्या दोन दळांच्या मधोमध असतो आणि आपण तोच कापून घेतलेला असतो.

शेवटीं, हें कच्चें खावें कीं शिजवून? या प्रश्नाला आपण दुर्लक्षून चालणार नाहीं. सन २०११ च्या मे-जून महिन्यांत जर्मनींत रक्ती अतिसाराची एक भयंकर सांथ आली. ३,००० हून अधिक माणसें आजारी पडलीं आणि ५० हून अधिक मृत्यु पावलीं. पहिला संशय स्पेनहून आलेल्या काकड्यांवर गेला. तो खोटा ठरला. त्याच जून महिन्यांत फ्रान्समध्यें बोर्दो शहराजवळ एका समारंभांत जेवलेल्या लोकांना तोच आजार झाला. तेथें थंड सारावर शोभेसाठीं मेथी, मोहरी आणि रॉकेट यांचे मोड घातलेले होते. दोन्हीं ठिकाणचा माग काढतां काढतां तपास इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियाण्याशीं जाऊन थांबला. दोष मेथीचा नव्हता. बियाण्याला कोठेंतरी घाण लागली होती. पण ऊब आणि ओल यांत दाणा जसा जागा होतो तसे त्याच्यावरचे जंतूहि जागे होतात, आणि दाण्याच्या चिरेंत बसलेला जंतु धुण्यानें निघत नाहीं.

आपल्या ट्रेंतलीं रोपें आणि ते मोड यांत फरक आहे. मोड बंद भांड्यांत ओलेचिंब वाढतात आणि दाणा व मूळ यांसह खाल्ले जातात. आपण उघड्या हवेंत वाढलेलें रोप दाण्याच्या वरून कापतों. धोका त्यामुळें कमी होतो, नाहींसा होत नाहीं. तेव्हां हात, कात्री व ट्रे स्वच्छ ठेवावे, बियाण्याला किंवा भुशाला आंबूस वास आला तर तें पीक खाऊं नये, आणि घरांतलीं लहान मुलें, गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि आजारांतून उठलेलीं माणसें यांना हीं रोपें शिजवूनच द्यावीं.

मेथीच्या बाबतींत यानें कांहींच बिघडत नाहीं. थालीपिठांत, पिठल्यांत, वरणाला उकळी येत असतांना घातलेली कोंवळी मेथी चांगली लागते. अडचण मोहरीची आहे. तिचा नाकांत जाणारा झणका पानांत तयार असा नसतो. पानांतले दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पान चावलें किंवा चिरलें कीं ते एकत्र येतात आणि तेव्हां तो झणका जन्मतो. त्यांतला एक पदार्थ उष्णतेनें निकामी होतो, म्हणून मोहरीचीं रोपें शिजवलीं कीं त्यांचा तिखटपणा बहुतेक जातो आणि साधी पालेभाजी उरते. धडधाकट माणसानें दह्यांतल्या काकडीच्या कोशिंबिरींत हीं रोपें वाढतांना चिरून घालावीं. घरांतल्या आजीला तींच आमटींत द्यावीं. तिच्या वांट्याला झणका येणार नाहीं, एवढें मान्य केलें पाहिजे.

कापणी झाल्यावर ट्रेमध्यें मुळांनीं विणलेली भुशाची सतरंजी उरते. तिच्यावर लगेच दुसरें पीक घेऊं नये. जुन्या मुळांत रोपमर दबा धरून असते. ती उलटी करून उन्हांत वाळवावी, हातानें कुसकरून तुळशीच्या किंवा मोगऱ्याच्या कुंडींत घालावी. ट्रे साबणानें घासून, दिवसभर उन्हांत ठेवून, मगच नवा भुसा भरावा. मेथी लावावयाची असेल तर ती आदल्या रात्रींच भिजत घालण्याची आठवण ठेवावी. मोहरीची पुडी मात्र सकाळपर्यंत कोरडीच राहूं द्यावी.